लेझर पॉइंटरच्या झोतातलं विद्युत क्षेत्र : ७७४, १०९५ की १५४९?

*सर, माझ्याकडे ५ मिलिवॅट लिहिलेला लाल लेझर पॉइंटर आहे. झोताचा व्यास २ मिलिमीटर धरून मी विद्युत क्षेत्र काढलं ते १०९५ व्होल्ट प्रति मीटर आलं. मित्राचं ७७४ आलं आणि क्लासच्या वहीत १५४९ आहे. यातलं बरोबर कुठलं? हजार व्होल्ट असतील तर झोतात बोट धरल्यावर काहीच कसं जाणवत नाही? आणि भाट्याच्या खाडीपलीकडे झोत टाकला तर हे क्षेत्र किती उरेल? ते अंतराच्या प्रमाणात घटतं की वर्गाच्या? — बी.एस्सी. दुसरं वर्ष, रत्नागिरी*

तिन्ही बरोबर आहेत, फक्त तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी काढल्या आहेत. ७७४ ला १.४१४ ने गुणलं की १०९५ येतात, त्याला पुन्हा तेवढ्यानेच गुणलं की १५४९. दोन्ही वेळा दोनाचं वर्गमूळच मध्ये आलंय, पण कारणं निराळी आहेत. पहिलं येतं ते क्षेत्र वेळेनुसार खालीवर होतं म्हणून, आणि दुसरं येतं ते झोताच्या मध्यावर आणि कडेला क्षेत्र सारखं नसतं म्हणून. ही दोन कारणं डोक्यात वेगळी ठेवलीस की पुढे कधीच घोटाळा होणार नाही.

सुरुवात क्षेत्रापासून करू नकोस, ऊर्जेपासून कर, कारण आपल्याला मोजता येते ती ऊर्जाच. पॉइंटरमधून दर सेकंदाला ५ मिलिज्यूल ऊर्जा बाहेर पडते आणि ती २ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळातून जाते. त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिलिमीटर. शक्तीला क्षेत्रफळाने भागलं की तीव्रता, म्हणजेच एकक क्षेत्रफळातून एका सेकंदात वाहणारी ऊर्जा:

```
I = P/A = 0.005 / (3.14 × 10⁻⁶) ≈ 1592 W/m²
```

हा आकडा ऐकून मुलांना धक्का बसतो, कारण तो फार मोठा नाही. स्वच्छ आभाळ असेल तेव्हा भर दुपारी जमिनीवर पडणारं ऊन साधारण १००० वॅट प्रति चौरस मीटर असतं. म्हणजे पॉइंटरचा झोत निघतानिघता मे महिन्यातल्या उन्हाच्या जेमतेम दीडपट तीव्र आहे. लेझर धोकादायक का, याचं उत्तर या आकड्यात नाही. त्याकडे नंतर वळतो.

आता तीव्रतेकडून क्षेत्राकडे. निर्वातात (हवेतही जवळपास तसंच) प्रकाशलहरीची ऊर्जा घनता ε₀E² असते. यातली निम्मी विद्युत क्षेत्राची आणि निम्मी चुंबकीय क्षेत्राची. बरेच जण इथे फक्त विद्युत भाग, म्हणजे ½ε₀E², धरतात आणि मग पुढे कुठेतरी दोन हरवतो. ही ऊर्जा c या वेगाने पुढे सरकते. म्हणून एका चौरस मीटरमधून एका सेकंदात जाणारी ऊर्जा म्हणजे c मीटर लांबीच्या खोक्यातली सगळी ऊर्जा: S = cε₀E². पॉइंटिंग सदिश म्हणतात तो हाच. जॉन हेन्री पॉइंटिंगने तो १८८४ मध्ये मांडला, आणि त्याची दिशा विद्युत व चुंबकीय या दोन्ही क्षेत्रांना लंब, म्हणजे झोत जातो तिकडेच असते.

पण हा S स्थिर नाही. E साइनसारखं वरखाली होतं, त्यामुळे E² शून्यापासून कमाल मूल्यापर्यंत सतत धावत असतं. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची वारंवारता ४.६ × १०¹⁴ हर्ट्झ आहे, आणि ऊर्जेचे ठोके त्याच्या दुप्पट वेगाने पडतात. इतकं जलद काही टिपणारा फोटोडायोड नाही. डोळ्याचं तर नावच नको. सगळे पाहतात ती सरासरी, आणि साइनच्या वर्गाची सरासरी अर्धी. म्हणून:

```
I = ½ ε₀ c E₀²
E₀ = √(2I / ε₀c) = √(2 × 1592 / 0.002654) ≈ 1095 V/m
```

तुझा आकडा हा. क्षेत्र शिखरावर असतानाचं मूल्य, म्हणजे आयाम. तुझ्या मित्राने सूत्रातला तो दोन घेतला नाही, म्हणून त्याला ७७४ मिळाले आणि ते आरएमएस मूल्य आहे. घरच्या विजेचं तसंच असतं: आपण २३० व्होल्ट म्हणतो ते आरएमएस, तारेत प्रत्यक्षात दाब शिखरावर ३२५ पर्यंत जातो. दोघांपैकी कोणाचंच चुकलं नाही, फक्त उत्तरापुढे ‘आयाम’ की ‘आरएमएस’ हे लिहायला हवं. परीक्षेत तो एक शब्द नसेल तर मी मार्क कापतो, आणि मुलं नाराज होतात.

आता वहीतले १५४९. तू धरलंस की झोत म्हणजे २ मिलिमीटरची चकती, आत सगळीकडे सारखा उजेड आणि कडेबाहेर काळोख. खरा झोत असा नसतो. मध्यावर तो सर्वांत तीव्र असतो आणि बाहेर जाताना घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे मावळत जातो. त्याला गाऊसियन म्हणतात. त्याला कडच नसल्यामुळे व्यास ठरवायला एक संकेत लागतो: मध्यापासून ज्या अंतरावर तीव्रता मध्याच्या सुमारे १३.५ टक्के उरते ते अंतर म्हणजे त्रिज्या w. या संकेताने w = १ मिलिमीटर घेतलं, तर मध्यावरची तीव्रता 2P/πw² येते, म्हणजे चकतीच्या हिशेबाच्या बरोबर दुप्पट: सुमारे ३१८३ वॅट प्रति चौरस मीटर. तीव्रता दुप्पट म्हणजे क्षेत्र √२ पट. म्हणून १५४९. ते झोताच्या अगदी मध्यबिंदूवरचं, शिखरावरचं मूल्य आहे.

गणितात ‘झोत सर्वत्र एकसमान’ असं लिहिलेलं असेल तर १०९५ लिही. प्रयोगशाळेत खऱ्या पॉइंटरच्या मध्यावर काय आहे असं विचारलं तर १५४९ च्या वाटेने जा.

आता झटक्याचं. हजार व्होल्ट प्रति मीटर हा आकडा स्थिर क्षेत्र म्हणूनही भीतीदायक नाही. उघड्या माळावर, आभाळ निरभ्र असताना, जमिनीजवळ हवेत शंभरेक व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र असतंच. वळवाचा ढग डोक्यावर आला की ते हजारांत जातं. हवेतून ठिणगी पडायला सुमारे तीस लाख व्होल्ट प्रति मीटर लागतात. शिवाय झटका बसतो तो शरीरातून प्रवाह वाहिल्याने, नुसत्या क्षेत्राने नव्हे.

खरं कारण मात्र त्याहून मजेचं आहे. हे क्षेत्र दर १.१ फेम्टोसेकंदाला उलटं फिरतं. बोटातल्या एखाद्या मोकळ्या इलेक्ट्रॉनला ते एका बाजूला ओढायला लागतं न लागतं तोच दिशा बदलते. त्याचं हेलकावणं किती ते काढता येतं:

```
x₀ = eE₀ / (mω²) ≈ 2.3 × 10⁻¹⁷ m
```

इलेक्ट्रॉन जागचा हलतो तो अणुकेंद्राच्या आकारापेक्षाही कितीतरी पटींनी लहान अंतराने. केंद्रक १०⁻¹⁵ मीटरच्या घरात असतं, हे त्याच्या चाळीसाव्या हिश्शाएवढं. आपल्या मज्जातंतूंना चेतवतात ते सोडियम-पोटॅशियमचे आयन, आणि ते इलेक्ट्रॉनच्या हजारो पट जड असल्याने ते तर त्याहून कमी हलतील. हायड्रोजन अणूत इलेक्ट्रॉनला धरून ठेवणारं क्षेत्र ५ × १०¹¹ व्होल्ट प्रति मीटर असतं, त्यापुढे आपले हजार काहीच नाहीत. बोटाला जाणवायचं ते फक्त ५ मिलिवॅटची ऊब, आणि ती रक्त लगेच वाहून नेतं.

चुंबकीय बाजूही एकदा पाहून घे, कारण तिचा आकडा आपल्या किनाऱ्यावर तोलता येतो. B₀ = E₀/c काढलंस तर ३.६५ मायक्रोटेस्ला येतात. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र इथे चाळीसेक मायक्रोटेस्ला आहे. ते वर्षानुवर्षं टिपून ठेवायचं काम अलिबागची चुंबकीय वेधशाळा करते. मुंबईत विजेच्या ट्रामी येणार आणि त्यांच्या तारांमुळे मोजणी बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं. म्हणजे पॉइंटरच्या झोतातलं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे. तरी होकायंत्राची सुई त्यात धरलीस तर ती ढिम्म हलणार नाही. ते सेकंदाला शेकडो लाख कोटी वेळा उलटतं आणि सुईला सरासरी शून्य मिळतं.

आता खाडी. तू विचारलंस क्षेत्र किती उरेल. यासाठी झोत किती फाकतो ते कळायला हवं. साध्या पॉइंटरचा झोत ढोबळमानाने दर मीटरला एक मिलिमीटर रुंदावतो, म्हणजे १ मिलिरेडियन. ६५० नॅनोमीटर आणि १ मिलिमीटर त्रिज्येला विवर्तनाने ठरणारी किमान मर्यादा पूर्ण कोनात ०.४ मिलिरेडियन आहे, त्यामुळे यापेक्षा बारीक झोत या भिंगातून निघूच शकत नाही. स्वस्त पॉइंटर १ च्या वरही जातात. आपण १ धरू आणि पलीकडची भिंत २५० मीटरवर आहे असं समजू. तिथे पोहोचेपर्यंत व्यास २५२ मिलिमीटर होतो, म्हणजे जेवणाच्या थाळीएवढा ठिपका.

शक्ती तीच, ५ मिलिवॅट, पण ती आता पाचशे चौरस सेंटीमीटरवर पसरली. तीव्रता ०.१ वॅट प्रति चौरस मीटर. आणि आयाम? पुन्हा सगळं सूत्र लिहायची गरज नाही. तीव्रता व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आहे आणि क्षेत्र तीव्रतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणून क्षेत्र सरळ व्यासाच्या व्यस्त प्रमाणात. आयाम गुणिले व्यास हा गुणाकार झोतात कुठेही तोच राहतो. तुझ्या पॉइंटरला तो १०९५ × ०.००२ = २.१९ व्होल्ट. आता त्याला ०.२५२ ने भाग: ८.७ व्होल्ट प्रति मीटर. हा आडाखा मी वर्गात फळ्यावर कायम लिहून ठेवतो, कारण त्याने अर्धी गणितं तोंडी सुटतात.

याच आडाख्याने तुझ्या प्रश्नातलं ‘अंतराच्या प्रमाणात की वर्गाच्या’ हेही मिटतं. पॉइंटरच्या तोंडाशी, पहिल्या अर्ध्या मीटरपर्यंत, व्यास फारसा बदलत नाही, त्यामुळे क्षेत्र जवळपास स्थिर असतं. खूप लांब गेल्यावर सुरुवातीचे २ मिलिमीटर नगण्य होतात, व्यास अंतराच्या प्रमाणात वाढतो, क्षेत्र अंतराच्या व्यस्त आणि तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. बल्बसाठी वर्गाचा नियम पहिल्या पावलापासून लागू होतो, लेझरला तो लागू व्हायला थोडं चालावं लागतं. टेबलावर वर्गाचा नियम पडताळायला गेलेल्या मुलांचे आलेख म्हणूनच आडवे येतात, आणि त्यांना वाटतं उपकरण बिघडलंय.

डोळ्याचा धोकाही याच गुणाकारात आहे. समांतर झोत बाहुलीतून आत गेला की भिंग त्याला रेटिनावर साधारण २० मायक्रोमीटरच्या ठिपक्यात आणतं. व्यास शंभर पट कमी, म्हणून क्षेत्र शंभर पट जास्त: एक लाख व्होल्ट प्रति मीटरच्या वर. आणि तीव्रता दहा हजार पट, दीड कोटी वॅट प्रति चौरस मीटरपेक्षा जास्त. डोळ्यातल्या द्रवाचा अपवर्तनांक लक्षात घेतला तर क्षेत्र थोडं कमी भरतं, पण चित्र बदलत नाही. सूर्याचं रेटिनावरचं प्रतिबिंब याच्या सातआठ पट रुंद असतं, कारण सूर्य आकाशात अर्धा अंश पसरलेला दिसतो. उन्हापेक्षा दीडपटच तीव्र झोत डोळ्यात शिरल्यावर इतका घातक का होतो, याचं उत्तर हे.

खाडीपलीकडे ०.१ वॅट प्रति चौरस मीटर इतकी तीव्रता रेटिना जाळत नाही. रात्री पूर्ण उघडलेल्या ७ मिलिमीटरच्या बाहुलीतून जेमतेम ४ मायक्रोवॅट आत जातात. पण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो लाल ठिपका पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा कितीतरी उजळ वाटतो. होडीवरच्या तांडेलाच्या तोंडावर तो पडला तर काही क्षण त्याला खुणेचा दिवा दिसणार नाही. म्हणून हा प्रयोग भिंतीवर कर, आणि समोर होडी किंवा पुलावर गाडी नाही हे आधी पाहून घे. वर आकाशाकडे तर अजिबात नको.

खाडीवर आणखी एक गोष्ट मध्ये येते: हवा. झोत तुला बाजूने लाल रेघेसारखा दिसला, तर समज की ऊर्जा वाटेत गळतेय. बाजूने डोळ्यात आलेला प्रत्येक कण प्रकाश पलीकडे पोहोचायचा राहिला आहे. ढोबळ हिशेब असा: दृश्यमानता किलोमीटरमध्ये घ्यायची आणि ३.९ ला तिने भागायचं, की प्रति किलोमीटर क्षीणन मिळतं. दमट पण बऱ्यापैकी स्वच्छ रात्री, दृश्यमानता ५ किलोमीटर असेल तर २५० मीटरमध्ये १८ टक्के ऊर्जा जाते आणि क्षेत्र फक्त ९ टक्क्यांनी घटतं. आंब्याला मोहोर असताना पहाटे धुकं उतरतं, त्यात समोरचं ५०० मीटरच्या पलीकडचं दिसत नाही. तेव्हा तेवढ्याच अंतरात फक्त १४ टक्के ऊर्जा पोहोचते. तरी क्षेत्र ३७ टक्के उरतं. क्षेत्र ऊर्जेपेक्षा नेहमी हळू घटतं, कारण मध्ये वर्गमूळ आहे.

आता मोजायचं कसं ते सांगतो, नाहीतर हे सगळं कागदावरच राहील. पॉइंटरवरच्या ५ मिलिवॅटच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नकोस. बहुधा ती कमाल मर्यादा असते, आणि स्वस्त मालात तीही अंदाजपंचे. बटण-सेल उतरले की शक्ती घटते, अगदी खाली गेलं तर डायोड लेझर म्हणून चालतच नाही, नुसता फिकट लाल दिवा होतो. आपल्याकडे आणखी एक त्रास आहे तो खाऱ्या हवेचा. भिंगावर महिन्याभरात पातळ थर बसतो आणि ठिपक्याभोवती धुरकट वलय दिसू लागतं. मोजण्याआधी काच मऊ कापडाने पुसून घे.

शक्तीसाठी BPW34 फोटोडायोड पुरतो. त्याची संवेदी चकती पावणेतीन मिलिमीटर बाजूचा चौकोन आहे, पूर्ण झोत त्यात मावतो की नाही ते आधी पाहा. त्याच्या दोन पायांमध्ये १० ओहमचा रेझिस्टर लाव आणि मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेव. लाल प्रकाशाला हा डायोड दर वॅटला ०.४ अँपिअरच्या आसपास प्रवाह देतो. म्हणजे १४.४ मिलिव्होल्ट दिसले तर प्रवाह १.४४ मिलिअँपिअर आणि शक्ती ३.६ मिलिवॅट. झोत हाताने अडवून खोलीच्या उजेडाचं वाचन घे आणि ते वजा कर. मोठा रेझिस्टर लावून मोठा आकडा मिळवायचा मोह टाळ. १००० ओहम लावलेस तर डायोडवरचाच दाब वाढतो, तो स्वतःतून प्रवाह सोडायला लागतो आणि वाचन एका जागी अडकतं. सेल बदलूनही वाचन तेवढंच राहिलं, तर हेच झालंय.

हिरवा पॉइंटर असेल तर आणखी सावध राहा. त्याच्या आत ८०८ नॅनोमीटरचा डायोड, त्यावर चालणारा १०६४ नॅनोमीटरचा स्फटिक आणि त्याची वारंवारता दुप्पट करून ५३२ करणारा दुसरा स्फटिक असतो. स्वस्तातल्यांत अवरक्त गाळणारी काच नसते. मग फोटोडायोड ती न दिसणारी ऊर्जाही मोजतो आणि हिरव्याची शक्ती फुगलेली दिसते. डोळ्यालाही ते जास्त वाईट, कारण अवरक्ताने पापणी मिटत नाही.

व्यासासाठी भिंतीवरचा ठिपका पट्टीने मोजू नकोस, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. मध्यावरच्या उजेडाने डोळा दिपतो आणि मावळती कडही त्याला झोतच वाटते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तर ठिपका आणखी सुजलेला दिसतो. व्यास दुप्पट वाचलास तर तीव्रता चौथाई येईल आणि क्षेत्र निम्मं. त्याऐवजी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपच्या सरकत्या भागावर दाढीचं पातं उभं चिकटव, ते झोतात आडवं सरकव आणि मागे फोटोडायोडवर शक्ती वाचत जा. पात्याने ८४ टक्के शक्ती जाऊ दिली ती जागा आणि १६ टक्के उरली ती जागा, या दोन वाचनांमधलं अंतर म्हणजे गाऊसियन झोताचा थेट w. पुढे काही करावं लागत नाही.

हे दोन्ही दिशांनी कर, कारण डायोडचा झोत गोल नसतो, लंबगोल असतो. समज उभ्या दिशेने w १.४ मिलिमीटर आला आणि आडव्या दिशेने ०.७. मग:

```
I(मध्य) = 2P / (π wx wy)
        = 2 × 0.0036 / (3.14 × 0.0014 × 0.0007) ≈ 2340 W/m²
E₀(मध्य) = √(2 × 2340 / 0.002654) ≈ 1330 V/m
```

तुझ्या पॉइंटरचं खरं उत्तर साधारण या जातीचं येईल. यात चूक किती? क्षेत्र शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आणि व्यासाच्या सरळ व्यस्त प्रमाणात बदलतं. शक्तीत १० टक्के चूक झाली तर क्षेत्रात ५ टक्के येते, व्यासात १० टक्के झाली तर पूर्ण १० टक्के. म्हणून महागडा पॉवर मीटर आणून व्यास मात्र नजरेने ठरवणाऱ्यांचं मला हसू येतं. पैसे नसतील तर नसू देत, पातं नीट सरकव.

शेवटी एक इशारा, कारण तुमच्या वर्षाला हे पुढे परावर्तनाच्या प्रकरणात आडवं येणार आहे. I = ½ε₀cE₀² हे सूत्र एकाच दिशेने चाललेल्या लहरीसाठी आहे. खिडकीच्या काचेचा एक पृष्ठभाग ४ टक्के ऊर्जा परत पाठवतो. ४ टक्के ऊर्जा म्हणजे क्षेत्राचे २० टक्के. मग काचेच्या पुढे १०९५ चा येणारा आणि २१९ चा परतणारा असे दोन आयाम एकमेकांत मिसळतात. जिथे ते एका सुरात असतात तिथे १३१४, जिथे उलट तिथे ८७६. या जागा पाव तरंगलांबीच्या अंतराने, म्हणजे सुमारे १६० नॅनोमीटरवर एकामागून एक येतात. आता कोणी त्या १३१४ ला सूत्रात घातलं तर त्याला १४४ टक्के तीव्रता मिळेल आणि ८७६ घालणाऱ्याला ६४ टक्के. दोन्ही चूक. काचेकडे प्रत्यक्ष वाहणारी ऊर्जा सगळीकडे सारखीच, ९६ टक्के आहे, कारण १०० जाते आणि ४ परत येते.

आरसा लावलास तर हे टोकाला जातं. आदर्श आरशासमोर क्षेत्र काही ठिकाणी दुप्पट, E² चौपट, आणि निव्वळ ऊर्जाप्रवाह कुठेच नाही. तिथे क्षेत्रावरून ऊर्जेचा प्रवाह काढायचाच असेल तर विद्युत आणि चुंबकीय दोन्ही क्षेत्रं हवीत, त्यांचा सदिश गुणाकार हवा आणि मग सरासरी. उभ्या लहरीत ती दोन्ही एकमेकांपासून पाव आवर्तनाने मागेपुढे असतात, गुणाकार एकदा धन आणि एकदा ऋण होतो, आणि सरासरी शून्य येते. त्या गणिताला बसशील तेव्हा आधी चित्र काढ, कुठली लहर कुठल्या दिशेला जातेय ते बाणाने दाखव, मगच सूत्राला हात लाव.